'सचिन बाद' एवढंच लिहून भागत नाही: क्रिकेट सामन्याच्या लाइव्ह नोंदी कशा लिहाव्यात?

वृत्तलेखनाच्या पाठात आपण बातमी, मथळा आणि उपमथळा पाहिला. हे सगळं घटना घडून गेल्यावर लिहायचं असतं. आज जो प्रकार पाहायचा आहे तो घटना चालू असतानाच लिहावा लागतो. वृत्त-संकेतस्थळावर क्रिकेट सामन्याचं पान उघडलं की सगळ्यात वर ताजी नोंद दिसते, तिच्या शेजारी वेळ असते, आणि खाली खाली जावं तशा जुन्या नोंदी सापडतात. याला लाइव्ह ब्लॉग म्हणतात. त्यातली एक नोंद जेमतेम तीन-चार ओळींची. पण या तीन-चार ओळींत काय यावं, कोणत्या क्रमाने यावं आणि काय येऊ नये, याला ठराविक शिस्त आहे. ती एका खऱ्या सामन्यावरून समजून घेऊ.

सामना कोणता?

६ फेब्रुवारी २०२४. एकोणीस वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, ठिकाण दक्षिण आफ्रिकेतलं बेनोनी. सामना परदेशात असला तरी मराठवाड्याचं लक्ष त्याकडे होतं, कारण भारतीय संघात बीडचा सचिन धस खेळत होता.

यजमानांनी आधी फलंदाजी करून ५० षटकांत ७ बाद २४४ धावा केल्या. म्हणजे भारतापुढे लक्ष्य २४५ धावांचं. भारताचा पहिला गडी डावाच्या पहिल्याच चेंडूवर गेला, आणि बाराव्या षटकात धावफलक होता ४ बाद ३२. तिथून सचिन धस आणि कर्णधार उदय सहारन यांनी पाचव्या गड्यासाठी १७१ धावांची भागीदारी केली. सचिन ९५ चेंडूंत ९६ धावा करून बाद झाला. सहारन ८१ वर धावबाद झाला, तेव्हा दोन्ही संघांच्या धावा सारख्या झाल्या होत्या. मग राज लिंबानीने चौकार मारला आणि भारत २ गडी आणि ७ चेंडू राखून जिंकला.

आता समजा, तुम्ही छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या स्थानिक वृत्त-संकेतस्थळावर काम करता आणि या सामन्याचं पान तुमच्याकडे आहे. तुम्ही मैदानावर नाही. समोर टीव्ही आहे आणि संगणकावर धावफलक उघडा आहे. पुढे दिलेल्या नमुना नोंदींतली धावसंख्या आणि निकाल खरे आहेत. घड्याळाच्या वेळा मात्र सरावासाठी अंदाजाने धरल्या आहेत.

वाचक मधूनच येतो

टीव्हीवर सामना पाहणाऱ्याला आधीचं सगळं ठाऊक असतं. लाइव्ह ब्लॉगच्या वाचकाचं तसं नसतं. कुणी क्रांती चौकातल्या सिग्नलवर मोबाइल काढून बघतो, कुणी दुकानात गिऱ्हाईक नसताना बघतो, कुणाला बीडहून मित्राचा फोन आला म्हणून बघतो. तो एक-दोन नोंदी वाचतो आणि निघून जातो. तुमची आधीची नोंद त्याने वाचलेलीच नसते.

म्हणून पहिला नियम असा की प्रत्येक नोंद एकटी उभी राहिली पाहिजे. हा नियम मोडला की काय होतं ते बघा. बाराव्या षटकात चौथा गडी पडला आणि कुणीतरी घाईघाईत ही नोंद टाकली:

> आणखी एक धक्का! हाही गेला! आता सगळी मदार बीडच्या पठ्ठ्यावर!

सलग सामना बघणाऱ्याला यातलं सगळं कळेल. पण आत्ताच पान उघडणाऱ्याला काय कळलं? कोण गेला, कितवा गडी, धावा किती, लक्ष्य किती, यातलं काहीच नाही. तीन उद्गारचिन्हं आहेत आणि माहिती शून्य आहे. तीच नोंद अशी लिहिता येईल:

> सायं. ६:३० | १२ वे षटक | भारत ४ बाद ३२
> भारताचा चौथा गडी बाद. लक्ष्य २४५ धावांचं, म्हणजे अजून २१३ धावा हव्यात आणि ३८ षटकांहून थोडी जास्त षटकं शिल्लक आहेत. षटकामागे साधारण साडेपाच धावांची गरज आहे. कर्णधार उदय सहारन आणि बीडचा सचिन धस मैदानात आहेत.

लांबी फार वाढलेली नाही. पण ही एकच नोंद वाचून निघून जाणाऱ्यालाही सामना कुठे उभा आहे ते समजतं.

नोंदीचे चार भाग

वरच्या नोंदीचे तुकडे पाडून बघू. त्यात चार भाग आहेत आणि त्यांचा क्रम शक्यतो बदलायचा नाही.

पहिला भाग म्हणजे डोक्यावरची ओळ. तिच्यात घड्याळाची वेळ, षटक आणि धावसंख्या या तीन गोष्टी येतात. ही ओळ प्रत्येक नोंदीला असते, मग खालचा मजकूर एका वाक्याचा का असेना. नजर एकाच जागी जाऊन एकाच प्रकारची माहिती उचलते, म्हणून तिची मांडणी दर वेळी सारखीच ठेवायची. एकदा 'भारत ४ बाद ३२' आणि पुढच्या वेळी '३२/४' असं करायचं नाही.

दुसरा भाग म्हणजे काय घडलं. हे पहिल्याच वाक्यात, पूर्ण नावानिशी. 'तो', 'हा', 'या फलंदाजाने' असे शब्द पहिल्या वाक्यात चालत नाहीत, कारण 'तो' म्हणजे कोण हे मागच्या नोंदीत दडलेलं असतं.

तिसरा भाग म्हणजे सामना आता कुठे आहे. पाठलाग चालू असेल तर किती धावा हव्यात आणि किती चेंडू किंवा षटकं उरली आहेत, हे दोन आकडे पुरतात. पहिला डाव चालू असेल तर लक्ष्य नसतं, तेव्हा धावांचा वेग आणि उरलेली षटकं सांगायची.

चौथा भाग म्हणजे मैदानात कोण आहे, कोण आलं. तो शेवटी येतो आणि जागा कमी असेल तेव्हा आधी यालाच कात्री लागते.

इथे हिशेबाची एक जागा नीट लक्षात ठेवा, कारण चूक हमखास तिथेच होते. धावफलकावर ४८.५ षटकं असं दिसतं तेव्हा तो दशांश अपूर्णांक नसतो. त्याचा अर्थ ४८ षटकं पूर्ण आणि पुढच्या षटकाचे ५ चेंडू. या सामन्यात भारत ४८.५ षटकांत जिंकला. ४८ गुणिले ६ म्हणजे २८८, त्यात ५ मिळवले की २९३ चेंडू झाले. एकूण ३०० चेंडूंतून ते वजा केले की उरतात ७. जो ५० मधून ४८.५ वजा करतो त्याला दीड षटक, म्हणजे ९ चेंडू मिळतात. दोन चेंडूंचा हा फरक चाळिसाव्या षटकात कुणाच्या लक्षातही येणार नाही. शेवटच्या षटकात मात्र वाचक लगेच पकडतो. त्यामुळे 'उरलेले चेंडू' नेहमी चेंडू मोजूनच काढायचे.

नोंद कधी टाकायची?

प्रत्येक चेंडूला नोंद करण्याचा मोह टाळा. ५० षटकांचे ३०० चेंडू, दोन डाव मिळून ६००. चेंडू-चेंडूचा हिशेब धावफलक आपोआप देतो, आणि तुमच्यापेक्षा लवकर देतो. त्याच्याशी शर्यत लावून उपयोग नाही. तुम्ही लिहायचं ते असं, जे फलकाच्या आकड्यांतून समजत नाही.

साधारणपणे नोंद तीन कारणांनी टाकतात. एक, गडी बाद झाला. दुसरं, टप्पा आला: कुणाचं अर्धशतक, भागीदारीचे शंभर, डावाचा शेवट, पाऊस, जखमी खेळाडू. तिसरं कारण शांततेचं. काहीच मोठं घडत नसलं तरी दर पाच षटकांनी एक नोंद द्यायची, नाहीतर पान बंद पडलंय असं वाचकाला वाटतं.

या सामन्यात शांततेचा काळच मोठा होता. चौथा गडी बाराव्या षटकात पडला आणि पाचवा ४३ व्या. मध्ये एकतीसेक षटकं, म्हणजे घड्याळाचे दोन तास. पाच षटकांच्या हिशेबाने या काळात सहा नियमित नोंदी येतात. टप्प्यांच्या तीन-चार धरल्या तर नऊ-दहा. या दहा नोंदींत 'दोघांची चिवट फलंदाजी सुरूच' हे वाक्य दहा वेळा लिहिलं तर कोण वाचेल?

इथे प्रत्येक शांत नोंदीला एक प्रश्न द्यायचा आणि त्याचं उत्तर लिहायचं. एका नोंदीत विचारा की गेल्या पाच षटकांत किती धावा आल्या आणि लागणारा वेग वाढला की उतरला. पुढच्या नोंदीत बघा की कोणते गोलंदाज संपत आलेत. एका गोलंदाजाला दहाच षटकं मिळतात, तेव्हा सुरुवातीला बळी घेणाऱ्याची किती षटकं राखून ठेवली आहेत, याला या वेळी महत्त्व असतं. तिसऱ्या नोंदीत दोघांच्या खेळातला फरक सांगा. सहारनच्या ८१ धावा १२४ चेंडूंत झाल्या, सचिनच्या ९६ धावा ९५ चेंडूंत. म्हणजे एक जण टोक सांभाळत होता आणि दुसरा वेग राखत होता. हा फरक डाव चालू असताना टिपला तर भागीदारी कशी उभी राहतेय ते वाचकाला दिसतं.

आणि स्थानिक संकेतस्थळाची खरी जागाही हीच. बीडच्या मुलाविषयी चार ओळी देशभरातल्या पानांवर येतील न येतील, तुमच्याकडे त्या यायलाच हव्यात. मात्र त्या सामन्याआधी तयार करून, तपासून ठेवलेल्या असाव्यात. तो कुठे सराव करायचा, कोणत्या वयोगटात महाराष्ट्राकडून खेळला, त्याचं नाव सचिन तेंडुलकरवरून ठेवलं आहे, ही माहिती शांत नोंदीत जाते. गडी पडल्याच्या नोंदीत ती घुसवायची नाही. आणि सामना चालू असताना ऐनवेळी फोनवरून ऐकलेली गोष्ट तर अजिबात टाकायची नाही.

तयार ठेवलेल्या नोंदीचा धोका

वेळ वाचावा म्हणून काही नोंदी आधीच लिहून ठेवतात. खेळाडू नव्वदीत गेला की शतकाची नोंद तयार असते: 'बीडच्या सचिनचं विश्वचषकात शतक!' बटण दाबायचंच बाकी. या सामन्यात तो क्षण आलाच नाही. ९६ वर तो बाद झाला.

तयार नोंद दोन प्रकारे घात करते. एक म्हणजे ती चुकून प्रसिद्ध होते. चेंडू हवेत गेला, टीव्हीवर आरडाओरडा झाला, बोटाने बटण दाबलं, आणि चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात. म्हणून तयार मजकूर प्रकाशनाच्या चौकटीत ठेवायचाच नाही. तो वेगळ्या वहीत किंवा फाइलमध्ये ठेवायचा आणि घटना फलकावर उमटल्यावरच तिथून उचलायचा. मसुद्यातली संख्याही कोरी ठेवायची. चेंडू किती, चौकार किती, हे आकडे त्या क्षणी भरावे लागले की डोळे आपोआप फलकाकडे जातात.

दुसरा घात जास्त नकळत होतो. शतकाचा मजकूर डोक्यात घोळत असल्यामुळे बाद झाल्याची नोंद निव्वळ हळहळीची होऊन बसते:

> अरेरे! सचिन बाद! अवघ्या चार धावांनी शतक हुकलं!

बीडच्या वाचकाला ही हळहळ खरीच वाटेल. पण मधूनच पान उघडणारा माणूस यातून समजेल की सामना हातचा गेला. खरी परिस्थिती काय होती? ३२ धावांत १७१ मिळवा, २०३ होतात. भारत ५ बाद २०३, विजयासाठी ४२ धावा हव्यात आणि कर्णधार अजून खेळतोय. सामना पुरता जिवंत होता, उलट भारताचं पारडं जरा जडच होतं. म्हणून नोंद अशी:

> रात्री ८:३० | ४३ वे षटक | भारत ५ बाद २०३
> बीडचा सचिन धस ९६ धावांवर बाद, शतक चार धावांनी हुकलं. त्याने ९५ चेंडू खेळले आणि कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी केली. भारताला आता ४२ धावा हव्यात, सातपेक्षा थोडी जास्त षटकं हातात आहेत. सहारन अजून खेळपट्टीवर आहे.

हळहळ इथेही आहे, 'शतक हुकलं' या शब्दांत आहे. पण तिच्या लगेच पुढे सामना कुठे उभा आहे ते आलं. आपल्या गावच्या खेळाडूचं जे झालं आणि सामन्याचं जे चाललंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदीत दोन्ही हव्यात आणि एकीने दुसरीला झाकता कामा नये.

वेळ म्हणजे कुणाची वेळ?

बेनोनीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. तिथे सकाळी दहाला सुरू झालेला सामना आपल्याकडे दुपारी दीडला सुरू होतो. वाचक इथला आहे, तेव्हा नोंदीवर भारतीय वेळच द्यायची आणि पानाच्या सुरुवातीला तसं एकदा सांगायचं.

दुसरी अडचण संगणकाची असते. पुष्कळ संकेतस्थळांच्या यंत्रणा आतून जागतिक प्रमाणवेळ धरून चालतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. नीट बसवलेली नसेल तर सायंकाळी ६:३० ची नोंद पानावर दुपारी १:०० ची म्हणून दिसते. सामना सुरू होण्याआधीच चार गडी बाद! सामन्याच्या दिवशी पहिली चाचणी नोंद टाकून तिची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघणं, एवढाच यावर उपाय. पानाच्या मागच्या बाजूला वेळ लिहिताना आपला फरक स्पष्ट लिहावा लागतो, तो असा:

```
<time datetime="2024-02-06T18:30:00+05:30">सायं. ६:३०</time>
```

शेवटचे `+05:30` म्हणजे भारतीय वेळ. ते असलं की परदेशातल्या मराठी वाचकालाही यंत्रणा हवं तर त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवू शकते.

घड्याळाची वेळ असताना षटक कशाला, असं काही जण विचारतात. दोन्हींचं काम वेगळं आहे. घड्याळ सांगतं की बातमी किती ताजी आहे. षटक सांगतं की डाव कुठवर आला. शिवाय टीव्ही आणि मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण एकाच क्षणी दिसत नाही, मोबाइलवर ते बरंच मागे असू शकतं. अशा वेळी वाचकाच्या आणि तुमच्या घड्याळात मेळ लागत नाही. षटकाचा आकडा मात्र सगळ्यांना सारखाच असतो.

शेवटची पाच मिनिटं

आता सामन्यातली सगळ्यात निसरडी जागा. लक्ष्य २४५. भारत २४४ वर पोचला आणि सहारन धावबाद झाला. इथे तीन चुका एकदम होऊ शकतात.

पहिली चूक घाईची. धावबादचा निर्णय बऱ्याचदा तिसऱ्या पंचाकडे जातो. निर्णय येईपर्यंत 'बाद' लिहायचं नाही. फार तर 'सहारनच्या धावबादचा निर्णय तिसऱ्या पंचांकडे' इतकंच. टीव्हीवरच्या समालोचकाचं मत हा निर्णय नसतो. निर्णय पंचांनी दिला आणि फलकावर आला, की मग नोंद.

दुसरी चूक शब्दाची. २४४ म्हणजे विजय नाही, बरोबरी. दोन्ही संघांच्या धावा सारख्या झाल्या, एवढंच. जिंकायला अजून एक धाव हवी. 'लक्ष्य गाठलं' असं या क्षणी लिहिणारा पत्रकार एका धावेने चुकतो.

तिसरी चूक आकड्याची. सहारन बाद झाल्यावर आठ गडी गेले, म्हणजे अजून दोन शिल्लक. 'भारताची शेवटची जोडी' असं लिहिलं तर तेही चूक, कारण शेवटची जोडी नऊ गडी गेल्यावर येते.

म्हणजे दोन नोंदी अशा होतील:

> रात्री ९:०३ | ४९ वे षटक | भारत ८ बाद २४४
> कर्णधार उदय सहारन ८१ धावांवर धावबाद. दोन्ही संघांच्या धावा आता सारख्या आहेत. विजयासाठी भारताला एक धाव हवी, दोन गडी शिल्लक.

> रात्री ९:०५ | ४८.५ षटकं | भारत ८ बाद २४८
> भारत जिंकला, अंतिम फेरीत दाखल. राज लिंबानीने विजयी चौकार मारला. २ गडी आणि ७ चेंडू राखून विजय. सचिन धस ९६, उदय सहारन ८१. अंतिम सामना ११ फेब्रुवारीला, प्रतिस्पर्धी दुसऱ्या उपांत्य सामन्यातून ठरेल.

शेवटच्या नोंदीत विशेषणं जवळजवळ नाहीत हे पाहिलंत का? ४ बाद ३२ वरून मिळालेला विजय आहे, आकडेच बोलतात.

चुकलं तर?

सावधपणे लिहिलं तरी लाइव्ह पानावर कधी ना कधी चूक होणारच. ती गुपचूप पुसायची नाही. चुकीची नोंद कुणीतरी वाचलेली असते, तिचा फोटो काढून कुठल्या तरी गटात पाठवलेलाही असतो. मूळ नोंद दुरुस्त करायची आणि तिच्याच खाली एक ओळ लिहायची: 'दुरुस्ती: आधीच्या नोंदीत उरलेले चेंडू ९ दिले होते, ते ७ आहेत.' मूळ नोंदीची वेळ तीच ठेवायची, दुरुस्तीची वेळ वेगळी द्यायची. शुद्धलेखनाची किरकोळ चूक असेल तर या ओळीची गरज नाही. धावा, नाव, बाद-नाबाद किंवा निकाल चुकला असेल तर ती हवीच.

वरची चौकट

नोंदी वाढत जातात तसा पानाचा तळ खोल जातो. म्हणून सगळ्यात वर एक स्थिर चौकट ठेवतात. तिच्यात चारच ओळी असतात: धावसंख्या, लक्ष्य आणि गरज, आतापर्यंतची मोठी घटना, आणि आपल्या खेळाडूची स्थिती. ही चौकट नोंद टाकताना दर वेळी बदलायची. खाली 'सचिन बाद' अशी नोंद आणि वर चौकटीत 'सचिन ९० वर खेळतोय', असं पान दिसलं तर वाचकाचा दोन्हींवरचा विश्वास उडतो. म्हणून क्रम ठरवून घ्या: आधी नोंद, लगेच चौकट, आणि मगच मथळा.

सामना संपल्यावर मथळाही बदलावा लागतो. 'भारत–दक्षिण आफ्रिका उपांत्य सामना लाइव्ह' हा मथळा दुसऱ्या दिवशी सकाळी चालत नाही. तिथे निकाल यायला हवा, चौकटीत अंतिम धावसंख्या यायला हवी आणि 'लाइव्ह' हा शब्द निघायला हवा. खालच्या नोंदींना मात्र हात लावायचा नाही. ४ बाद ३२ ला तुम्ही काय लिहिलं होतं ते तसंच राहू द्यायचं. दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्याला सामना कसा फिरला हे त्या जुन्या नोंदींतूनच कळतं.

स्वाध्याय

१. या सामन्यात भारताचा पहिला गडी डावाच्या पहिल्याच चेंडूवर बाद झाला. लक्ष्य २४५, षटकं ५०. चारही भाग असलेली नोंद जास्तीत जास्त ४० शब्दांत लिहा. फलंदाजाने त्या चेंडूवर धाव काढली नव्हती, म्हणजे डोक्यावरच्या ओळीत धावसंख्या काय येईल तेही ठरवा.

२. फलकावर ३७.४ षटकं दिसत आहेत. ५० षटकांच्या डावात किती चेंडू उरले? आधी चेंडू मोजून काढा, मग ५० मधून ३७.४ थेट वजा करून बघा. दोन उत्तरांत किती चेंडूंचा फरक पडतो?

३. गल्लीतला किंवा शाळेच्या मैदानावरचा दहा षटकांचा सामना बघा आणि वहीत फक्त आठ नोंदी करा. मग सामना न पाहिलेल्या मित्राला त्यातली मधलीच एक नोंद वाचायला द्या आणि विचारा: कोण खेळतंय, किती धावा झाल्या, किती हव्यात? तिन्ही उत्तरं त्या एका नोंदीतून मिळाली तर नोंद जमली. न मिळालं ते उत्तर कोणत्या भागात यायला हवं होतं, ते शोधा आणि नोंद पुन्हा लिहा.